२२५० फ्रेम, सहा दिवस: क्लाऊडवर फ्रेममागे किती धरायचे?

प्रश्न: दादा, सांगलीत माझा दोन माणसांचा स्टुडिओ आहे. एका बिल्डरसाठी ९० सेकंदांचा वॉकथ्रू करतोय, ब्लेंडर सायकल्समध्ये, २५ एफपीएसने २२५० फ्रेम. पाडव्याला त्यांचं बुकिंग सुरू होतंय, हातात सहा दिवस आहेत. एक फ्रेम रेंडर करून पाहिली तर ३०६० कार्डवर सहा मिनिटं लागली. म्हणजे नऊ दिवसांच्या वर जातंय. क्लाऊडवर टाकलं तर फ्रेममागे किती खर्च धरू? की मित्रांची मशीन जोडून भागेल?

उत्तर:

दोन्ही करा, पण कुठला शॉट कुठे जाणार हे आधी ठरवा. अशा कामात क्लाऊडवर फ्रेमला सात ते नऊ रुपये येतात असा माझा अनुभव आहे. पण हा आकडा तसाच उचलून बिल्डरला देऊ नका. तुमच्या सीनचा आकडा वेगळा निघेल आणि तो काढायला एक रात्र पुरते.

तुमचा सहा मिनिटांचा आकडा एका फ्रेमचा आहे. ती फ्रेम कुठली? बहुतेक जण टाइमलाइन जिथे उघडी असते तिथेच एफ १२ दाबतात. वॉकथ्रूमध्ये आकाश दिसणारी फ्रेम आणि बंद बेडरूमची फ्रेम यांच्यात तिप्पट फरक सहज असतो. म्हणून आज रात्री झोपण्यापूर्वी हे चालवा:

```
blender -b film.blend -o //test/f_#### -F PNG -s 1 -e 2250 -j 75 -a -- --cycles-device OPTIX
```

`-j 75` मुळे दर ७५वी फ्रेम रेंडर होते, म्हणजे अख्ख्या फिल्ममधून ३० फ्रेम. शेवटचा `--` पासूनचा भाग सोडून बाकीचं सगळं `-a` च्या आधी लिहायचं, कारण ब्लेंडर ही ओळ डावीकडून वाचत जातो आणि `-a` दिसलं की रेंडर सुरू करतो. त्यानंतर लिहिलेली `-o` वाया जाते. एक काळजी घ्या: या चाचणीपुरतं Persistent Data बंद ठेवा. ते चालू असलं की पुढच्या फ्रेमला टेक्श्चर आणि भूमिती पुन्हा लोड होत नाही आणि वेळ छान कमी दिसतो. क्लाऊडवरच्या रेंडर फार्मवर मात्र बऱ्याचदा प्रत्येक फ्रेम नव्या मशीनवर, नव्याने फाईल उघडून होते, आणि त्या लोडिंगचेही पैसे तुम्हीच भरता.

आता हिशेब एका खऱ्या कामावर दाखवतो. गेल्या दिवाळीच्या आधी माझ्याकडे कराडच्या एका बिल्डरचं काम होतं. तेवढ्याच फ्रेम, तेच कार्ड, पाच शॉट. ३० फ्रेमच्या चाचणीतून शॉटनिहाय सरासरी अशी निघाली: वरून ड्रोनसारखा फिरणारा शॉट ५०० फ्रेम, प्रत्येकी ४ मिनिटं. गेट आणि बाग ४५० फ्रेम, ९ मिनिटं. लॉबी ३०० फ्रेम, ६ मिनिटं. फ्लॅटच्या आतला शॉट ७०० फ्रेम, ११ मिनिटं. संध्याकाळचा बाहेरचा शॉट ३०० फ्रेम, ५ मिनिटं. बेरीज १७,०५० मिनिटं, म्हणजे २८४ तास, जवळपास बारा दिवस. मीही आधी एकच फ्रेम पाहिली होती, ड्रोनची, चार मिनिटांची. त्या हिशेबाने दीडशे तासांत काम संपणार होतं!

क्लाऊडकडे वळण्याआधी सगळ्यात महागड्या शॉटवर एक संध्याकाळ घालवा, तिथेच खरे पैसे वाचतात. माझ्या आतल्या शॉटला Noise Threshold ०.०१ होता. तो ०.०३ केला, ओपन इमेज डिनॉयझर चालू ठेवला, लाइट बाउन्स बारावरून सहावर आणले. फ्रेम ११ मिनिटांवरून ७ मिनिटांवर आली. पण एक फ्रेम स्वच्छ दिसली म्हणून खूश होऊ नका. डिनॉयझरची लबाडी स्थिर चित्रात दिसत नाही. सलग तीस फ्रेम रेंडर करून चालवून पाहा. भिंतीच्या कोपऱ्यात किंवा पडद्याच्या सावलीत रंग उकळल्यासारखा हलत असेल तर सॅम्पल कमी पडलेत. मी ०.०५ वर नेऊन पाहिलं होतं, तेव्हा फॉल्स सीलिंगच्या खाचेतला उजेड अक्षरशः धपापत होता. ०.०३ ला थांबलो.

मग वाटणी. घरच्या मशीनवर काय ठेवायचं आणि बाहेर काय पाठवायचं, याचा माझा नियम साधा आहे: ज्या फ्रेममध्ये लोडिंग थोडं आणि प्रत्यक्ष रेंडर जास्त, ती बाहेर, ज्यात लोडिंगच जड, ती घरी. बागेचा शॉट झाडांमुळे ९ जीबीचा झाला होता आणि नुसता लोड व्हायलाच दीड मिनिट घ्यायचा. घरी Persistent Data चालू ठेवलं की ते दीड मिनिट जवळजवळ एकदाच जातं. फार्मवर ते ४५० वेळा गेलं असतं. शिवाय २० एमबीपीएस अपलोडवर ९ जीबी चढायला तासभर लागतो आणि मध्येच लाईन तुटली तर पुन्हा पहिल्यापासून. आतल्या शॉटची पॅक केलेली फाईल १.८ जीबीच होती, ती बारा मिनिटांत गेली. म्हणून बाग आणि संध्याकाळ घरी, आणि फ्लॅट, ड्रोन, लॉबी असे १५०० फ्रेम बाहेर. वाटणी नेहमी कटवर करा. एकाच शॉटच्या अर्ध्या फ्रेम घरी आणि अर्ध्या फार्मवर केल्या, आणि ब्लेंडरच्या आवृत्तीत किंवा डिनॉयझरमध्ये जरासा फरक असला, तर जोडावर चित्र बदललेलं डोळ्याला कळतं. कटवर कुणालाच कळत नाही.

फार्मच्या संकेतस्थळावर खर्चाचं कॅल्क्युलेटर असतं. तुमचं कार्ड निवडा, एका फ्रेमचा वेळ टाका, फ्रेमची संख्या टाका, की रक्कम येते. ते खोटं नसतं, पण त्याला लोडिंग माहीत नसतं. फार्मचं कार्ड तुमच्यापेक्षा साडेतीन पट वेगवान असलं, तरी फाईल उघडणं आणि टेक्श्चर वाचणं साडेतीन पट वेगाने होत नाही, कारण ते काम डिस्क आणि प्रोसेसरचं आहे. म्हणून प्रत्येक शॉटमधल्या पाचेक फ्रेम खरोखर फार्मवर पाठवा. बऱ्याच ठिकाणी नव्या खात्यावर थोडं मोफत क्रेडिट मिळतं, या पंधरा फ्रेम त्यातच होतात.

माझ्या चाचणीत फ्लॅटची फ्रेम लोडिंगसकट १५० सेकंदांत झाली, ड्रोनची ९५ आणि लॉबीची १३०. दर हिशेबाला सोपा पडावा म्हणून कार्डच्या तासाला १८० रुपये धरू, म्हणजे सेकंदाला पाच पैसे. तुमच्या फार्मचा दर डॉलर किंवा युरोत असेल, तो रुपयांत करून इथे बसवा. तर फ्लॅटची फ्रेम साडेसात रुपये, ड्रोनची पावणेपाच, लॉबीची साडेसहा. फ्रेमच्या संख्येने गुणल्यावर ५२५० अधिक २३७५ अधिक १९५०, म्हणजे ९५७५ रुपये. ड्रोनच्या चार मिनिटांवर नुसता साडेतीन पटीचा हिशेब लावला असता तर तेवढ्याच १५०० फ्रेम साधारण ५१५० रुपयांत दिसल्या असत्या. खरा खर्च जवळपास दुप्पट.

त्या ९५७५ वर मी २० टक्के पुन्हा कराव्या लागणाऱ्या फ्रेमसाठी धरतो आणि त्या बेरजेवर ५ टक्के कार्डाच्या परकीय चलन आकारासाठी. झाले १२,०६५, म्हणजे फ्रेमला आठ रुपये. जीएसटी नोंदणी नसेल तर बिलात १८ टक्के वेगळे लागू शकतात, आणि नोंदणी असेल तर रिव्हर्स चार्जचं सीएला विचारून घ्या. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत का तेही आजच बँकेच्या अॅपमध्ये पाहा. ते मुळात बंदच असतात आणि हे रात्री अकराला कळतं.

घरच्या ७५० फ्रेमचा हिशेबही करून टाकू. बाग आणि संध्याकाळ मिळून साडेब्याण्णव तास. भिंतीच्या प्लगवर मशीन ३५० वॅट घेतं असं धरलं तर ३२ युनिट, युनिटला १२ रुपयांनी ३८८ रुपये. फ्रेमला बावन्न पैसे. अख्ख्या फिल्मची सरासरी मग फ्रेमला साडेपाच रुपये पडते. मित्रांची मशीन जोडण्याचा मोह का होतो ते यात दिसतं.

तर ती मशीन. पोवई नाक्यावर माझ्या शेजारी फ्लेक्सवाला आहे, त्याच्याकडेही तेच कार्ड आणि रात्री नऊ ते सकाळी नऊ मशीन रिकामं. खिडकीतून लॅनची केबल टाकली आणि माझ्या मशीनवरचं एक फोल्डर शेअर केलं. फार्मचं वेगळं सॉफ्टवेअर काहीच नाही. ब्लेंडरच्या Output मध्ये Overwrite बंद करायचं आणि Placeholders चालू, दोन्ही मशीनवर तीच फाईल उघडायची, आउटपुट त्याच शेअर फोल्डरला द्यायचं आणि अॅनिमेशन रेंडर सुरू करायचं. प्रत्येक मशीन पुढची नसलेली फ्रेम शोधतं, आधी तिथे रिकामी फाईल टाकून जागा अडवतं आणि मग रेंडर करतं. दुसरं ती वगळून पुढची घेतं. माझं २४ तास आणि त्याचे १२, असे दिवसाला ३६ तास मिळाले आणि घरचं काम अडीच दिवसांत हातावेगळं झालं.

यात एकच काटा आहे. मशीन मध्येच बंद पडलं तर त्याने अडवलेली रिकामी फाईल तशीच राहते आणि सगळ्यांना वाटतं की ती फ्रेम झाली. दुसऱ्या रात्री पावणेदोनला लाईट गेली. माझा यूपीएस टिकला, फ्लेक्सवाल्याकडे नव्हताच. सकाळी फोल्डरमध्ये सगळे आकडे ओळीने होते, पण एका फ्रेमचा आकार शून्य केबी. म्हणून पुन्हा सुरू करण्यापूर्वी पॉवरशेलमध्ये त्या फोल्डरवर जाऊन हे चालवा:

```
Get-ChildItem *.png | Where-Object Length -eq 0
```

जी नावं येतील त्या फाईल पुसा आणि रेंडर पुन्हा लावा, तेवढ्याच फ्रेम भरल्या जातील. चार-पाच मशीन असतील तर फ्लेमेंको वापरा. ब्लेंडरवाल्यांचंच आहे, मोफत आहे, आणि बंद पडलेल्या मशीनचं काम ते स्वतः दुसऱ्याला देतं. त्यालाही सगळ्यांना दिसणारं एक शेअर फोल्डर लागतं. ते फोल्डर गूगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सचं नको, तिथे फाईल उशिरा पोचतात आणि गोंधळ होतो. म्हणजे सगळी मशीन एका छताखाली हवीत. मिरजेचा मित्र आणि कुपवाडचा मित्र असं यात बसत नाही.

शीपिटचं नाव तुमच्या कानावर आलं असेल. तिथे तुम्ही इतरांच्या फ्रेम रेंडर करून गुण मिळवता आणि त्यावर तुमच्या फ्रेम होतात, पैसे लागत नाहीत. शिकणाऱ्यासाठी उत्तम. पण तारखेच्या कामाला रांगेचा भरवसा नाही, आणि तुमची फाईल अनोळखी लोकांच्या मशीनवर जाते. अजून जाहीर न झालेल्या प्रकल्पाची फाईल मी तिथे टाकणार नाही.

दुसरा रस्ता म्हणजे तासावर जीपीयू मशीन भाड्याने घेऊन स्वतः ब्लेंडर चालवणं. दर फार्मपेक्षा कमी दिसतो. पण घड्याळ मशीन चालू केल्यापासून पळतं, रेंडर सुरू झाल्यापासून नाही. फाईल चढवताना, ब्लेंडर बसवताना, तुम्ही जेवायला गेल्यावरसुद्धा. एकदा शनिवारी रात्री माझं रेंडर संपलं आणि मशीन बंद करायचं राहिलं. सोमवारी सकाळी उघडलं तर रिकाम्या मशीनचे ३२ तास लागले होते, रेंडरच्या बिलापेक्षा जास्त. शिवाय एडब्ल्यूएससारख्या ठिकाणी नव्या खात्याला जीपीयू मशीनचा कोटा शून्य असू शकतो. तो वाढवून मागावा लागतो आणि मंजुरी यायला दिवस जाऊ शकतात. सहा दिवसांत हा प्रयोग नको. तुम्ही फार्मच घ्या.

फार्मवर पाठवण्याआधीच्या दोन गोष्टी मात्र चुकवू नका, कारण चुकलेल्या फ्रेमचेही पैसे लागतात. पहिली, टेक्श्चर. फाईलमध्ये `D:\textures\...` असा पत्ता असेल तर फार्मच्या मशीनवर तो ड्राइव्हच नसतो. File > External Data मध्ये आधी Report Missing Files आणि मग Pack Resources करा. दुसऱ्या फाईलमधून लिंक केलेलं फर्निचर असेल तर तिथलाच लिंक लायब्ररी पॅक करण्याचा पर्यायही वापरा. मग ती पॅक केलेली फाईल पेनड्राइव्हवरून दुसऱ्या मशीनवर नेऊन एक फ्रेम काढा. काही गुलाबी दिसलं तर ते टेक्श्चर आलेलं नाही. माझ्या कराडच्या कामात लॉबीच्या एका पेंटिंगचं तसं झालं आणि १४० फ्रेम गुलाबी पेंटिंगसकट आल्या. नऊशे रुपये त्या पेंटिंगचे.

दुसरी, हलणारं कापड, पाणी, कण. खिडकीचा पडदा क्लॉथ सिम्युलेशनने हलत असेल आणि बेक केलेला नसेल, तर प्रत्येक मशीन थेट मधल्याच फ्रेमवर उडी मारतं आणि पडदा प्रत्येक फ्रेमला वेगळ्या जागी दिसतो. कापड आणि कण Disk Cache बंद ठेवून बेक केले तर ते फाईलमध्येच साठतात, वेगळं फोल्डर पाठवावं लागत नाही. पाण्याच्या बेकचं फोल्डर मात्र सोबत पाठवावं लागतं. आणि आउटपुट व्हिडिओ फाईल कधीच नको, फ्रेमच हव्यात. मल्टिलेअर ईएक्सआर खरंच लागणार असेल तरच घ्या. फुल एचडीला माझी एक फ्रेम ३० एमबीची व्हायची, १५०० फ्रेमचे ४५ जीबी. १६ बिट पीएनजी १० एमबीची, एकूण १५ जीबी, ४० एमबीपीएसवर पन्नास मिनिटांत उतरली.

काम लावताना आधी दर पन्नासावी फ्रेम पाठवा, ती उतरवून पाहा, मग बाकीच्या सोडा. फार्मवर फ्रेमला कमाल वेळाची मर्यादा घालायची सोय असेल तर सरासरीच्या तिप्पट घाला, म्हणजे अडकलेली एखादी फ्रेम तासभर पैसे खात बसणार नाही. प्राधान्याचे स्तर असतात, वरच्या स्तराला दर जास्त. माझ्या १५०० फ्रेमचं मिळून काम साधारण ५३ कार्ड-तासांचं होतं. वीस कार्डं मिळाली तर तीन तास आणि पाच मिळाली तर अकरा तास, पैसे तेवढेच. तुमच्याकडे अख्खी रात्र असेल तर महागडा स्तर घ्यायचं कारण नाही.

कोरोना किंवा व्ही-रे सीपीयूवर वापरणारे विचारतील म्हणून सांगतो, तिथे फार्म गिगाहर्ट्झ-तास मोजतं. आठ कोअरचा ४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर म्हणजे ३२, आणि फ्रेमला सहा मिनिटं म्हणजे ०.१ तास, तर फ्रेमला ३.२ गिगाहर्ट्झ-तास. त्याला दराने गुणा. चाचणीची पद्धत तीच.

तुमचे सहा दिवस मी असे लावेन. आज रात्री ३० फ्रेमची चाचणी. उद्या सॅम्पल आणि बाउन्स कमी करणं, आणि अख्खी फिल्म अर्ध्या आकारात, १६ सॅम्पलवर काढून बिल्डरला व्हॉट्सअॅपवर पाठवणं. कॅमेरा आणि मटेरियल मान्य असल्याचं लेखी येऊ द्या, नुसतं अंगठ्याचं चित्र नको. उद्या रात्रीपासून घरची मशीन जड शॉटवर. परवा दुपारी फार्मची पंधरा फ्रेमची चाचणी, रात्री मोठं काम. चौथ्या दिवशी उतरवून तपासणं आणि चुकलेल्या फ्रेम परत पाठवणं. पाचवा दिवस रंग आणि संगीताला. सहावा मोकळा ठेवा, कारण पाचव्या दिवशी संध्याकाळी फोन येतोच की स्वयंपाकघराच्या टाइल बदलल्यात. तेव्हा फ्लॅटच्या शॉटमधल्या फक्त स्वयंपाकघर दिसणाऱ्या फ्रेम मोजायच्या, त्यांना तुमच्या चाचणीच्या दराने गुणायचं आणि फोन ठेवण्याआधी रक्कम सांगायची. माझ्या वेळी त्या १८० निघाल्या होत्या. मी १३५० सांगितले, बिल्डर म्हणाला जुन्याच टाइल राहू द्या.